फुल्यांआडचा नंबर

कार्डाने पैसे दिले की यंत्रातून निघणाऱ्या चिठ्ठीवर कार्डाचा पूर्ण नंबर नसतो. आधी बारा फुल्या आणि शेवटी चार आकडे, एवढंच छापलेलं असतं. बँकेच्या एसएमएसमध्ये खात्याचे शेवटचे तीन-चार आकडे दिसतात, पासवर्ड विसरल्यावर येणाऱ्या पडद्यावर मोबाइलचे शेवटचे दोन, आणि गुंतवणुकीच्या विवरणपत्रात पॅनची निम्मी अक्षरं. प्रत्येक कागद स्वतंत्रपणे पाहिला तर आपली माहिती झाकलेली आहे असंच वाटतं, आणि त्या एका कागदापुरतं ते खरंही आहे. अडचण अशी की झाकायचं काय आणि दाखवायचं काय, हे प्रत्येक जण आपापल्या सोयीने ठरवतो. एकाने मधलं झाकलं, दुसऱ्याने सुरुवातीचं, तिसऱ्याने फक्त शेवट. हे तीन कागद एका हाती पडले तर झाकलेलं फार थोडं उरतं. म्हणून एखादी चिठ्ठी सुरक्षित आहे का, एवढं पाहून भागत नाही. माझ्या एका नंबराचे किती तुकडे किती ठिकाणी उघडे आहेत, हे पाहावं लागतं.

याचं नोंदलेलं आणि आजही शिकण्यासारखं उदाहरण २०१२च्या ऑगस्टमधलं आहे. अमेरिकेतल्या ‘वायर्ड’ मासिकाचे पत्रकार मॅट होनन यांचा फोन, टॅबलेट आणि लॅपटॉप एका संध्याकाळी दुरूनच पुसले गेले. मुलीचे जन्मापासूनचे फोटोही त्यात गेले. पुढे त्यांनी स्वतःच हा सगळा क्रम शोधून लिहिला. हल्लेखोरांनी कोणताही पासवर्ड फोडला नव्हता. होनन यांचा जीमेलचा पत्ता त्यांच्या संकेतस्थळावर होता. तो टाकून ‘पासवर्ड विसरलो’ म्हटल्यावर गूगलने पर्यायी ईमेल अर्धा झाकून दाखवला: m••••n@me.com. झाकलेली अक्षरं नावावरून ओळखता येत होती, आणि me.com या शेपटीवरून अ‍ॅपलचं खातं असल्याचं कळत होतं. घरचा पत्ता संकेतस्थळाच्या नोंदणीत मिळाला. अ‍ॅपलच्या मदत केंद्राला ओळख पटवण्यासाठी त्या वेळी बिलाचा पत्ता आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे पुरत असत. हे चार आकडे अ‍ॅमेझॉनच्या खात्यात उघडे दिसत होते, आणि त्या खात्यात शिरण्यासाठी दोन फोन पुरले. पहिल्या फोनवर खात्याला एक नवं कार्ड जोडलं. दुसऱ्या फोनवर तेच कार्ड ओळख म्हणून सांगितलं.

एका कंपनीने क्षुल्लक समजून पडद्यावर ठेवलेले चार आकडे दुसरी कंपनी ओळखीचा पुरावा म्हणून मानत होती. दोन्ही कंपन्यांनी नंतर फोनवरची पद्धत बदलली. पण हा दोष कोणा एका कंपनीचा नव्हता, तो त्या दोघींच्या मधल्या जागेत होता. ती जागा आपल्या रोजच्या कागदपत्रांमध्येही आहे.

आता कार्डाचा नंबर घेऊ. आपल्याकडची बहुतेक कार्डं सोळा आकड्यांची असतात, आणि हे सोळा आकडे एकसारखे गुप्त नसतात. पहिला आकडा कार्डाचं जाळं सांगतो. ४ असेल तर व्हिसा, ५ असेल तर बहुधा मास्टरकार्ड. पहिले सहा किंवा हल्लीच्या पद्धतीत आठ आकडे बँक आणि कार्डाचा प्रकार ठरवतात, त्याला बिन म्हणतात. एका बँकेच्या एकाच प्रकारच्या असंख्य कार्डांवर हे आकडे तेच असतात, त्यामुळे ते गुपित नाहीत. चिठ्ठीवर बँकेचं नाव आणि कार्डाचा प्रकार छापलेला असेल, तर सुरुवातीचे आकडे फुल्यांनी झाकूनही फारसं काही झाकलं जात नाही. कार्डव्यवहारांचं जे जागतिक सुरक्षा मानक आहे, तेदेखील सुरुवातीचा बिन आणि शेवटचे चार आकडे दाखवायला परवानगी देतं. म्हणजे नियम पाळणाऱ्या दोन ठिकाणांपैकी एकाने फक्त शेवट दाखवला आणि दुसऱ्याने सुरुवातही दाखवली, तर चूक कोणाचीच नसते.

सोळापैकी पहिले सहा आणि शेवटचे चार कळले की मधले सहा उरतात. सहा आकड्यांच्या दहा लाख शक्यता होतात. ऐकायला हा आकडा मोठा आहे, पण तो लगेच एक दशांश होतो. कारण शेवटचा आकडा बाकीच्या पंधरांवरून हिशेबाने काढलेला असतो. आयबीएममधले हान्स पीटर लून यांनी १९५४मध्ये या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. नंबर टाइप करताना एखादा आकडा चुकला तर तो लगेच पकडला जावा, एवढाच तिचा हेतू होता. गुप्ततेसाठी ती कधीच केलेली नव्हती.

रीत सोपी आहे. सोळा आकड्यांच्या कार्डावर डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक आकडे दुप्पट करायचे. दुप्पट नऊच्या वर गेली तर त्यातून नऊ वजा करायचे. मग सगळ्यांची बेरीज करायची. नंबर बरोबर असेल तर बेरजेला दहाने पूर्ण भाग जातो. सॉफ्टवेअर तपासणारे लोक चाचणीसाठी एक ठरलेला नंबर वापरतात, तो कोणाच्याही खात्याचा नसतो. त्यातला दहावा आकडा झाकून पाहू:

```
4111 1111 1?11 1111
```

दुप्पट करायच्या आठ जागांपैकी पहिल्या जागेवर ४ आहे, त्याचे ८ झाले. उरलेल्या सात जागांवरच्या १चे प्रत्येकी २, म्हणजे १४. दोन्ही मिळून २२. दुप्पट न करायच्या आठ जागांपैकी एक झाकलेली आहे, उरलेल्या सातांचे ७. एकूण २९. तीस व्हायला १ हवा, म्हणून झाकलेला आकडा १. एकच आकडा झाकलेला असेल, तो कोणत्याही जागी असो, तो असा निघतोच. म्हणून एखाद्या फॉर्मवर किंवा फोटोत कार्डाच्या एका आकड्यावर बोट ठेवणं म्हणजे काहीच न झाकणं. झाकलेले आकडे सहा असतील तर या हिशेबाने दहा लाखांच्या एक लाख शक्यता उरतात. बिन आठ आकडी असून तो माहीत असेल तर झाकलेले चारच राहतात, त्यांच्या दहा हजार शक्यता, आणि लूनच्या हिशेबाने फक्त हजार. त्यातच एखाद्या जुन्या पावतीवर मधले दोन-तीन आकडे उघडे राहिलेले असतील तर यादी हाताच्या बोटांवर येते.

इथे मर्यादाही सांगायला हवी, नाहीतर भीती वाढेल आणि काळजी चुकीच्या जागी जाईल. नुसता कार्ड नंबर मिळाला म्हणून भारतातल्या संकेतस्थळावर खरेदी होत नाही. मुदतीची तारीख लागते, मागचे तीन आकडे लागतात आणि ओटीपी लागतो. ऑक्टोबर २०२२पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दुकानदार संकेतस्थळांना कार्डाचा नंबर साठवून ठेवता येत नाही. त्यांच्याकडे नंबराऐवजी टोकन असतं, आणि ओळखीपुरते शेवटचे चार आकडे व बँकेचं नाव ठेवायची मुभा असते. या नियमाने आपली बाजू खूप भक्कम झाली आहे. मात्र अनेक परदेशी संकेतस्थळं ओटीपी मागत नाहीत, तिथे ही भिंत नसते.

तुकडे जुळवण्याचा हा प्रकार मुदत आणि मागच्या तीन आकड्यांनाही लागू होतो, हे न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६च्या शेवटी दाखवून दिलं. कार्डाची मुदत साधारण पाच वर्षांची धरली तर महिना-वर्षाच्या साठच जोड्या होतात, आणि मागच्या तीन आकड्यांच्या हजार. एका संकेतस्थळावर इतके अंदाज करू दिले जात नाहीत, पण प्रत्येक संकेतस्थळ आपल्यापुरतंच मोजत होतं. अंदाज शेकडो ठिकाणी वाटले तर कोणालाच काही खटकत नव्हतं. त्या प्रयोगात मास्टरकार्डच्या जाळ्याने वेगवेगळ्या संकेतस्थळांवरचे अंदाज एकत्र मोजून रोखले, व्हिसाच्या जाळ्याने त्या वेळी रोखले नाहीत. सगळी ठिकाणं मिळून कोणी पाहतंय की नाही, यावर निकाल ठरला.

म्हणून कार्डाच्या बाबतीत पहिलं काम बँकेच्या अ‍ॅपमध्ये करायचं. २०२०पासून नवीन कार्ड देताना परदेशी आणि ऑनलाइन वापर बंद ठेवूनच द्यायचं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण त्याआधीच्या कार्डांवर किंवा एखाद्या सहलीच्या वेळी आपण तो वापर चालू केलेला असतो आणि नंतर विसरतो. अ‍ॅपमध्ये कार्डाच्या नियंत्रणात जा आणि ‘आंतरराष्ट्रीय व्यवहार’ बंद करा. लागेल त्या दिवशी चालू करता येतो. ऑनलाइन वापराची मर्यादा आपल्या नेहमीच्या खरेदीएवढीच ठेवा. हे केलं की जुळवून काढलेल्या नंबराचा परदेशी संकेतस्थळावर उपयोग उरत नाही.

पण आपल्याकडे अर्धवट नंबराचा जो वापर सर्रास होतो, त्यात पूर्ण नंबर जुळवायची गरजच पडत नाही. फोन येतो: ‘अमुक बँकेतून बोलतोय. आपलं कार्ड, शेवटचे आकडे अमुक, त्यावर काल पेट्रोल पंपावर एवढ्या रुपयांचा व्यवहार झालाय, बरोबर?’ हे सगळं एका फेकलेल्या चिठ्ठीवर छापलेलं असतं. बँकेचं नाव, चार आकडे, तारीख, वेळ, रक्कम, दुकानाचं नाव आणि पुष्कळदा कार्डधारकाचं नावही. ऐकणाऱ्याला वाटतं, एवढं बँकेशिवाय कोणाला माहीत असणार? मग उरलेला तुकडा, म्हणजे ओटीपी किंवा मुदतीची तारीख, तो स्वतःच सांगतो. शेवटचे चार आकडे तुमचं कार्ड ओळखण्यासाठी आहेत. बोलणारा माणूस कोण आहे, हे ते सांगत नाहीत. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे एकदा नीट समजावून सांगा. ‘ओटीपी देऊ नका’ हे त्यांना पाठ असतं, पण समोरच्याने खरे आकडे सांगितले की तो सावधपणा सैल पडतो.

या चिठ्ठ्यांचं काय करायचं, याचीही एक रीत असावी. पैसे वळते झाले, महिन्याच्या विवरणपत्राशी रक्कम जुळली, की चिठ्ठीचं काम संपलं. वस्तूची हमी असेल तर दुकानाचं बिल ठेवावं लागतं, कार्डाची चिठ्ठी वेगळी असते आणि ती बहुतेक वेळा लागत नाही. या चिठ्ठ्या उष्णतेने छापणाऱ्या कागदावर असतात. त्यावर गरम इस्त्री क्षणभर टेकवली की कागद काळा पडतो आणि काही वाचता येत नाही. फाडायची झाली तर नंबर आणि नाव एकाच तुकड्यावर राहू देऊ नका. आणि दुकानातच कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, कारण तिथे तुमची चिठ्ठी एकटी नसते. त्याच दुकानात, त्याच कार्डाने तुम्ही परत जाणार असता. अनेक ठिकाणी आता ‘चिठ्ठी हवी का?’ असं विचारतात किंवा यंत्राच्या पडद्यावर पर्याय येतो. एसएमएस येत असेल तर नको म्हणा.

अमेरिकेत २००३च्या कायद्याने छापील पावतीवर कार्डाचे शेवटचे पाचपेक्षा जास्त आकडे किंवा मुदतीची तारीख छापायला बंदी आली. मुदतीच्या तारखेला आकड्यांइतकंच महत्त्व दिलं, हे त्या कायद्यात मला योग्य वाटतं. कोणाच्या पावतीवर मुदत छापलेली दिसली तर ती आधी नष्ट करा.

कार्ड बदलता येतं. नवं मागवलं की जुने सगळे तुकडे एका दिवसात निरुपयोगी होतात. पॅनचं तसं नाही, तो जन्मभराचा. आणि पॅन झाकण्याच्या पद्धती तर कार्डाहून अधिक विस्कळीत आहेत. पॅनमध्ये दहा जागा असतात. पाच अक्षरं, चार आकडे, शेवटी एक अक्षर. पण चौथं अक्षर व्यक्तीसाठी नेहमी P असतं, कंपनीसाठी C. पाचवं अक्षर म्हणजे आडनावाचं पहिलं इंग्रजी अक्षर. म्हणजे नाव माहीत असलेल्या माणसाच्या पॅनमधल्या दोन जागा आधीपासूनच उघड्या असतात.

कुलकर्णी आडनावाच्या एका गृहस्थांची दोन कागदपत्रं समोर आहेत असं समजा. पॅन बनावट आहे, त्यातले चार शून्य मुद्दाम घेतले आहेत. एका विवरणपत्रावर शेवटचे पाच दिसतात, दुसऱ्यावर पहिले तीन आणि शेवटचे दोन:

```
*****0000L
ABC*****0L
```

प्रत्येक कागदावर निम्म्या जागा झाकलेल्या आहेत. दोन्ही एकावर एक ठेवले की फक्त चौथी आणि पाचवी जागा रिकामी राहते, आणि तिथे P व K बसतात हे आडनाव सांगतं. काही अंदाज करावा लागत नाही, पूर्ण पॅन हाती येतो. शेवटचे दोन दोन्हीकडे सारखे आहेत, त्यामुळे दोन्ही कागद एकाच माणसाचे आहेत याचीही खात्री पटते. समान दिसणारा भाग जोडणीचा धागा होतो आणि वेगळा भाग भर घालतो.

छोट्या व्यावसायिकांसाठी तर जोडणीचीही गरज नाही. जीएसटी नंबर पंधरा जागांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्रासाठी २७ आणि गोव्यासाठी ३०. त्यानंतरच्या दहा जागा म्हणजे नोंदणीदाराचा पॅन, जसाच्या तसा. कंपनी किंवा भागीदारी संस्था असेल तर तो संस्थेचा पॅन. पण एकट्याच्या मालकीचं दुकान, क्लिनिकजवळचं मेडिकल स्टोअर, फर्निचरवाला, फोटोग्राफर यांच्या बिलावर मालकाचा स्वतःचा पॅन प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातात जातो. बिलावर जीएसटी नंबर छापणं कायद्याने आवश्यक आहे, त्यामुळे हे टाळता येत नाही. म्हणून अशा व्यावसायिकाने आपला पॅन गुप्त आहे असं कधीही धरू नये. बाकीची कुलपं त्यावर अवलंबून नसावीत, एवढं मात्र त्याच्या हातात आहे.

कुठली कुलपं? ईमेलने येणाऱ्या पीडीएफची. प्राप्तिकर खात्याचं वार्षिक माहिती विवरण उघडायचा पासवर्ड म्हणजे लहान अक्षरांतला पॅन आणि पुढे जन्मतारीख. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार मोठी अक्षरं आणि जन्मवर्ष. बँका आणि म्युच्युअल फंडांची विवरणपत्रंही पॅन, जन्मतारीख, नाव किंवा मोबाइल यांच्या मिश्रणानेच उघडतात. हा सगळा कच्चा माल वर सांगितलेल्या तुकड्यांतून निघतो, आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा तर आपण जाहीरपणे स्वीकारतो. तेव्हा पासवर्ड असलेली पीडीएफ ही बंद पाकिटासारखी समजू नका. सायबर कॅफेच्या संगणकावर, झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर ती तशीच पडू देऊ नका. छपाई झाली की त्याच्यासमोरच पुसायला सांगा, आणि कर्जासाठी किंवा भाडेकरारासाठी कोणाला पाठवायची असेल तर जेवढी पानं लागतात तेवढीच वेगळी करून पाठवा.

पॅन दुसऱ्याच्या हाती गेलाय का, हे कसं कळायचं? त्याच्या गैरवापराची खूण बहुतेक वेळा कर्जाच्या नोंदीत दिसते. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार पतमाहिती संस्थांनी वर्षातून एक पूर्ण अहवाल विनामूल्य द्यायचा आहे. चारही एकाच दिवशी मागवण्याऐवजी दर तीन महिन्यांनी एकेका संस्थेचा मागवा, म्हणजे वर्षभर नजर राहते. त्यात आपण न घेतलेलं कर्ज आहे का, हे तर पाहाच. ‘चौकशी’ नावाचा भागही वाचा. आपण कधी गेलोच नाही अशा कर्जदात्याने आपल्या नावाने चौकशी केलेली दिसली तर पॅन कोणीतरी वापरून पाहिला आहे. त्याच संस्थेकडे लगेच हरकत नोंदवा.

मोबाइलच्या नंबराबद्दल थोडक्यात सांगतो. दहा आकड्यांपैकी पहिले चार-पाच आकडे मुळात कंपनी आणि विभागानुसार वाटलेले असतात, म्हणून ते अगदीच स्वैर नसतात. वेगवेगळ्या सेवांचे ‘पासवर्ड विसरलो’चे पडदे वेगवेगळे आकडे उघडे ठेवतात. नुसत्या ईमेलवरून हे पडदे एकत्र करून फोन नंबरापर्यंत जाता येतं, असं मार्टिन व्हिगो या सुरक्षा संशोधकाने २०१९मध्ये दाखवलं. आपल्याकडे त्याहून मोठं भगदाड यूपीआयचं आहे. अनेक अ‍ॅप आपला मोबाइल नंबरच यूपीआय आयडी म्हणून देतात, आणि भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत पैसे घेणाऱ्याच्या पडद्यावर तो जाऊ शकतो. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन नंबर नसलेला आयडी तयार करा आणि तोच मुख्य ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे. आणि बँकेला दिलेला नंबर व कुरिअर, स्पर्धा, मॉलमधली सवलत कार्डं यांना दिलेला नंबर वेगळा ठेवता आला तर जरूर ठेवा. दोन सिमच्या फोनमध्ये ते अवघड नाही.

स्क्रीनशॉटच्या बाबतीत लोक मनापासून झाकतात, पण झाकण्याची रीत चुकते. पैसे पाठवल्याचा पुरावा म्हणून स्क्रीनशॉट टाकताना फोनमधल्या पेनाने नंबरावर रेघोट्या ओढतात. त्यातलं हायलायटर अर्धपारदर्शक असतं. त्याचे दोन-तीन थर देऊनही चित्राचा उजळपणा वाढवला की खालचे आकडे दिसू शकतात. धूसर करण्याची किंवा चौकटी-चौकटी करण्याची सोयही आकड्यांसाठी कमकुवत आहे. चेहऱ्याच्या असंख्य तऱ्हा असतात, पण आकडे दहाच. प्रत्येक आकडा धूसर केल्यावर कसा दिसतो ते करून पाहायचं आणि जुळवायचं, एवढंच काम उरतं. कापून टाकलेला भागही नेहमी जातोच असं नाही. २०२३मध्ये गूगलच्या पिक्सेल फोनमधल्या चित्र-संपादकात असा दोष सापडला होता की कापलेल्या स्क्रीनशॉटच्या फाइलमध्ये मूळ चित्राचा काही भाग तसाच राहत होता. म्हणून ठोस रंगाची, पूर्ण अपारदर्शक चौकट नंबरावर ठेवा, मग त्या झाकलेल्या चित्राचाच पुन्हा स्क्रीनशॉट घ्या आणि तो दुसरा पाठवा. पीडीएफवर काळी चौकट ठेवली असेल तर तिच्याखालचा मजकूर निवडून दुसरीकडे चिकटवता येतो का, हे आधी करून पाहा. चिकटवता आला तर काहीच झाकलेलं नाही.

झाकताना एक नियम पाळा: एका नंबराचा एकच भाग कायम उघडा ठेवा. आधारचं मास्क केलेलं रूप यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून उतरवता येतं, त्यात पहिले आठ झाकलेले आणि शेवटचे चार उघडे असतात. ज्या लॉजवर किंवा सोसायटीच्या कार्यालयात पूर्ण नंबर कायद्याने लागत नाही, तिथे तेच द्या. पण एकीकडे शेवटचे चार दिले आणि दुसरीकडे हाताने शेवटचे चार झाकून पहिले आठ दिले, तर दोन्ही ठिकाणी काळजी घेऊनही पूर्ण आधार बाहेर गेला. कार्ड, खातं, आधार, सगळ्यांचे शेवटचे चार हेच जगाला दिसणारे, असं घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवून टाका. पॅनचंही तसंच ठरवा.

आपली स्थिती काय आहे, हे पाहायला एक महिना पुरतो. कार्डासाठी सोळा, पॅनसाठी दहा आणि मोबाइलसाठी दहा अशा चौकटी एका कागदावर आखा. त्या महिन्यात घराबाहेर जाणारी प्रत्येक चिठ्ठी, पार्सलवरचं लेबल, पाठवलेला स्क्रीनशॉट, दुसऱ्याच्या पडद्यावर गेलेला आयडी पाहा, आणि त्यावर दिसणाऱ्या जागेच्या चौकटीत नुसती बरोबरची खूण करा. आकडे लिहू नका, नाहीतर हाच कागद सगळ्यात धोक्याचा होईल. पॅनच्या चौथ्या आणि पाचव्या चौकटीत सुरुवातीलाच खूण करून ठेवा, कार्डाच्या पहिल्या सहामध्येही. महिन्याअखेरीस ज्या ओळीत दोन-तीनच चौकटी कोऱ्या राहिल्या असतील तो नंबर उघडा झालेला आहे. कार्ड असेल तर बदलून घ्या. मोबाइल असेल तर यूपीआय आयडी बदला आणि जिथे जिथे त्या नंबरावर ओटीपी येतो त्या खात्यांना दुसरं कुलूप लावा. पॅन असेल तर पतअहवालावर लक्ष ठेवा.

आणि कोणी फोनवर तुमचेच आकडे तुम्हाला वाचून दाखवले, ते अगदी बरोबर असले तरी, फोन ठेवा. कार्डाच्या मागे छापलेला बँकेचा नंबर स्वतः लावा आणि विचारा. पैसे गेलेले असतील तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर फोन करा. तक्रार जितकी लवकर होते तितकी रक्कम मधल्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त असते.